'कॉन्सिक्वेन्शियल लॉस'ला 'परिणामी नुकसान' म्हणावं का?

शब्दकळा (राजारामपुरी)

शिरोलीच्या एका फौंड्रीसाठी इंडक्शन फर्नेसच्या विक्रीकराराचं मराठी करते आहे. करार मूळ इंग्रजीत, विक्रेता परगावचा. फौंड्रीच्या मालकांना सही करण्याआधी सगळं मराठीत वाचायचं आहे आणि मराठी प्रतीवरही दोघांच्या सह्या होणार आहेत. अडले आहे ती दोन वाक्यांवर. एकात म्हटलंय की 'इनडायरेक्ट ऑर कॉन्सिक्वेन्शियल लॉस'ला विक्रेता जबाबदार नाही, आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'इन्क्लुडिंग लॉस ऑफ प्रॉफिट'. दुसऱ्यात, विक्रेत्याची एकूण जबाबदारी फर्नेसच्या किमतीच्या वर जाणार नाही असं आहे. कच्चा मसुदा असा:

'बिघाडाच्या परिणामी होणाऱ्या कोणत्याही नुकसानास विक्रेता जबाबदार राहणार नाही. विक्रेत्याची जबाबदारी फर्नेसच्या किमतीइतकी राहील.'

वाचायला सरळ वाटतं, पण अर्थ तोच राहिला का?

उद्यमनगरकर

ताई, वॉरंटीचं आम्हाला विचारा. आमच्या सीएनसीचा स्पिंडल वॉरंटीतच गेला. कंपनीचा माणूस आला, कूलंट बघितलं आणि 'मेंटेनन्स बरोबर नाही' म्हणून बिल लावून गेला. त्यामुळं माझं म्हणणं, 'वॉरंटी' हा शब्दच नको, 'गॅरंटी' लिहून घ्या. मग पळवाट राहत नाही.

शब्दकळा

दादा, तुमचं झालं ते वाईटच. पण मला करार बदलायचा नाहीये, आहे तो तसाच मराठीत आणायचा आहे. मूळात 'वॉरंटी' असेल तर मी 'गॅरंटी' लिहू शकत नाही.

टाकसाळे

यात एवढं काय? 'परिणामी' काढा, नुसतं 'अप्रत्यक्ष नुकसान' लिहा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ मध्येच आहे की दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानाची भरपाई मिळत नाही. नफा बुडणं हे अप्रत्यक्षच. म्हणजे कायद्यात आहे तेच करारात आलं.

वकीलकाका (भाऊसिंगजी रोड)

टाकसाळे, कलम ७३ मधलं ते वाक्य तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्याच्या आधीचं वगळलंत. करारभंगातून नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं त्याची भरपाई मिळते. आणि करार करताना दोन्ही पक्षांना जे होण्याची शक्यता ठाऊक होती, त्याचीही मिळते. 'नफा म्हणजे अप्रत्यक्ष' असं कलम कुठेही म्हणत नाही.

त्याच कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे. एकाची गिरणी यंत्राअभावी बंद आहे. तो वाहतूकदाराला हे सांगून यंत्र पोचवायला देतो. वाहतूकदार विनाकारण उशीर करतो आणि गिरणीवाल्याचं एक सरकारी कंत्राट जातं. उशिराच्या काळात गिरणी चालली असती तर सरासरी जो नफा झाला असता, तो त्याला मिळतो. सरकारी कंत्राटाचं नुकसान मिळत नाही. दोन्ही नफाच, पण एक मिळतो आणि एक नाही.

आता हे फर्नेसवर लावून बघू. आकडे मी सोयीसाठी धरतोय. फर्नेसची किंमत ४० लाख. वॉरंटीत असताना पॅनेलमधली कपॅसिटर बँक गेली, तिचा खर्च ३ लाख. वितळलेलं मेटल भट्टीतच जमलं, लायनिंग फोडून नव्यानं रॅमिंग करावं लागलं, त्याचे दीड लाख. सहा दिवस ओतकाम बंद, रोजच्या कामातला नफा बुडाला ९ लाख. आणि एका खास गिऱ्हाइकानं कास्टिंग वेळेत आली नाहीत म्हणून २० लाखांचा दंड लावला. त्या ऑर्डरबद्दल विक्रेत्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मूळ इंग्रजी वाक्य घेतलं, तर कपॅसिटर आणि लायनिंग मिळायला हरकत दिसत नाही. २० लाख जवळजवळ निश्चित जातात. भांडण होईल ते ९ लाखांवर. आता ताईंचा मसुदा घ्या. 'बिघाडाच्या परिणामी' म्हणजे मराठीत 'बिघाडामुळे'. लायनिंग बिघाडामुळेच गेलं, ओतकाम बिघाडामुळेच थांबलं. म्हणजे दीड लाखसुद्धा गेले! मूळात एका प्रकारचं नुकसान वगळलं होतं, इथे सगळंच वगळलं गेलं.

शब्दकळा

काका, हे अगदी नेमकं पकडलंत. बोलण्यात 'परिणामी' म्हणजे 'त्यामुळे' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून वाक्यात तो शब्द खटकलाच नाही. 'परिणामजन्य नुकसान' असा ठरीव शब्द घेतला तर? की सरळ वर्णन करून लिहू: 'करार करताना ठाऊक असलेल्या खास परिस्थितीमुळे होणारे नुकसान'?

वकीलकाका

वर्णन करू नका. कॉन्सिक्वेन्शियलचा तो अर्थ इंग्लंडच्या जुन्या निकालांत घेतला गेला, पण आपल्या कलम ७३ मध्ये हा शब्दच नाही. मूळ करारात जो वाद मोकळा आहे, तो भाषांतरात तुम्ही मिटवून टाकाल. ते काम दोन्ही पक्षांच्या वकिलांचं.

टाकसाळे

मग 'परिणामजन्य' तरी कोणाला कळणार? फौंड्रीवाला विचारेल हे काय. माझ्या मते 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' असंच देवनागरीत ठेवावं. निदान कुठल्या शब्दावर वाद आहे हे तरी दिसेल.

शब्दकळा

इथे मला तुमचं पटत नाही. मालकांना मराठीत वाचायचंय म्हणूनच हे काम आलं. 'परिणामजन्य' पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्द देवनागरीत शेजारी देईन, पुढे फक्त मराठी. आणि नफ्याचं काय करायचं?

वकीलकाका

तिथे जागा फार महत्त्वाची. 'नफा बुडणे, तसेच अप्रत्यक्ष किंवा परिणामजन्य नुकसान' लिहिलंत तर नफा वेगळा होऊन पूर्ण वगळला जातो, ते ९ लाख गेले. 'नफा बुडण्यासारखे अप्रत्यक्ष नुकसान' लिहिलंत तर नफा म्हणजे नेहमी अप्रत्यक्षच, असं तुम्ही ठरवून टाकता. मूळात मागे जोडलंय, तसंच मागे जोडा: 'अप्रत्यक्ष किंवा परिणामजन्य नुकसान, त्यात नफा बुडणे धरून'. संदिग्धता मूळाइतकीच राहते, कमी नाही, जास्त नाही.

दुसऱ्या वाक्यात 'किमतीइतकी राहील' हे तर विक्रेत्याला महागात पडेल. मर्यादा होती, ती ठरलेली रक्कम झाली. समोरचा म्हणेल, ४० लाख द्यायचं लिहून दिलंय की! शिवाय 'एकूण' गळलंय. मग दर बिघाडाला वेगळे ४० लाख असाही वाद घालता येतो. 'सर्व दाव्यांची मिळून एकूण जबाबदारी फर्नेसच्या किमतीपेक्षा जास्त असणार नाही' असं लिहा, पण 'सर्व दाव्यांची मिळून' हे मूळात असेल तरच.

शब्दकळा

मूळात फक्त 'एकूण' आहे. तेवढंच घेते.

उद्यमनगरकर

एवढी डोकेफोड कशाला? शेवटी 'वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' असं टाकलं की झालं. आमच्या करारात होतं तसं.

वकीलकाका

असतं, आणि असावंही. पण मराठी प्रतीवर विक्रेत्याचीही सही असेल आणि त्यात तो जास्त देतो असं दिसत असेल, तर गिऱ्हाईक म्हणणार की मी हेच वाचून सही केली. संदिग्ध शब्द ज्यानं मसुदा केला त्याच्याविरुद्ध वाचायचा, असं तत्त्व आहे. मात्र दोन्हीकडे धंदेवाईक पक्ष असले की ते किती लावायचं यावर मतं वेगळी पडतात.

शब्दकळा

मालकांशी बोलले. त्यांच्याकडे एकच फर्नेस आहे आणि ते विक्रेत्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, म्हणाले. पण करारात त्याचा उल्लेख कुठेच नाही. मी तो भाषांतरात घालणार नाही. मात्र सही करण्याआधी हे वकिलांना दाखवा आणि ते वाक्य इंग्रजी प्रतीतच घालून घ्या, असं त्यांना लेखी कळवलंय. काका, तोंडी सांगितलेलं या ९ लाखांसाठी पुरेल का?

वकीलकाका

साक्षीदार कोण होतं, ते विचारून सांगा.