मोफत सल्ल्याच्या फॉर्ममध्ये बजेट विचारावं की नाही?

रंगछटा: पुण्यात इंटिरियरची कामं करते. 'मोफत सल्ला, आजच फॉर्म भरा' अशी फेसबुक जाहिरात लावली. आठवड्यात ४१ लीड आल्या, फोन उचलले १२ जणांनी. त्यातल्या निम्म्यांना फॉर्म भरल्याचंच आठवत नव्हतं. बजेट विचारलं तर गळती थांबेल का? नवरा म्हणतो, लोक पळतील.

प्लायवाला: पळू देत की! मी तर आठ प्रश्न टाका म्हणेन. जितके प्रश्न जास्त, तितका कचरा कमी.

जाहिरातकर: आठाने कचऱ्यासोबत गिऱ्हाईकही जाईल. मुळात नाव-नंबर फेसबुक आपणहून भरतं, म्हणून दोन टिचक्यांत फॉर्म जातो. नंबर कधीकधी जुनाच असतो. आधी फॉर्मचा प्रकार More volume वरून Higher intent करा. पाठवण्याआधी माहिती तपासायचं पान येतं. मग तीनच प्रश्न: पझेशन कधी (मिळालंय / ३ महिन्यांत / नंतर)? काम कशाचं (पूर्ण घर / फक्त किचन)? आणि एक उत्तर स्वतः टाइप करायला लावा: 'घरात रोज काय अडतं?' माझ्या एका गिऱ्हाइकाला उत्तर आलं, 'फ्रिज उघडला की बाल्कनीचं दार लागत नाही.' असा माणूस फोन उचलतोच.

रंगछटा: आणि बजेट?

जाहिरातकर: ते जाहिरातीतच सांगा. 'वाकड-रावेतमध्ये चावी मिळतेय? फ्लोअर प्लॅन घेऊन या, ४५ मिनिटं बसून बोलू. सल्ला मोफत. पूर्ण २ बीएचकेचं काम ६ लाखांपासून.' आकडा तुमचा टाका. ज्याला परवडत नाही तो फॉर्म उघडतच नाही.

चौकट: मला हे पटत नाही. पहिलं घर घेणाऱ्याला खर्चाचा अंदाजच नसतो, तो ६ लाख वाचून बिचकतो. माझी दोन मोठी कामं 'फक्त किचन बघू' म्हणणाऱ्यांकडून आली. फॉर्ममध्ये बजेटचे टप्पे द्या, त्यात 'अजून ठरलं नाही' हाही पर्याय ठेवा.

प्लायवाला: मग सगळे तेच निवडणार.

चौकट: निवडू देत. ठरलं नाही, पण पझेशन पुढच्या महिन्यात आहे, अशांनाच मी आधी फोन करते.

नवंघर_हिंजवडी: मी असाच एक फॉर्म भरला होता. मोफत डिझाइन मिळेल वाटलं, तर फक्त कोटेशन पाठवलं. थ्रीडी का देत नाही तुम्ही लोक?

जाहिरातकर: हा घोळ 'मोफत' शब्दाचाच. काय मिळेल आणि काय नाही, ते फॉर्मच्या पहिल्या पानावरच लिहा: 'लेआउटवर चर्चा आणि खर्चाचा ढोबळ अंदाज. थ्रीडी काम ठरल्यावर.'

रंगछटा: तीन प्रश्नांचा फॉर्म आज लावते. सहा लाखांचा आकडा एका जाहिरातीत ठेवते, दुसरीत नाही. लीड किती आल्या ते नको, प्लॅन घेऊन किती जण आले ते मोजते.

प्लायवाला: नवऱ्याला आधी सांगा.