पाकिटावरचं ‘सर्व्हिंग’: वाढणी, मात्रा की वाटा?

कोराकागद: एका खाऊच्या पाकिटामागचा तक्ता मराठीत करतेय. ‘सर्व्हिंग ३० ग्रॅम’, ‘पाकिटात सुमारे ५ सर्व्हिंग’. पाकीट १५० ग्रॅमचं आहे. सर्व्हिंगला ‘वाढणी’ चालेल का?

उंबरठा: ‘मात्रा’ लिहा. तेवढंच खावं, असं त्यांचं सांगणं असतं.

तराजू: मात्रा नको, तिथे सल्ल्याचा वास येतो. सर्व्हिंग म्हणजे आकडे मांडण्यासाठी धरलेलं माप. काही देशांत लोक एका वेळी साधारण किती खातात यावरून ते ठरतं, काही ठिकाणी उत्पादक स्वतः ठरवतो. ‘इतकंच खा’ असं ते म्हणत नाही. ‘वाढणी’ मला आवडतो, पण पाककृतीत ‘वाढणी: ४ जणांसाठी’ असं लिहितात. इथे ‘५ वाढण्या’ वाचून कुणी पाच माणसं समजेल.

सायली_म: माझ्या वडिलांना मीठ कमी करायला सांगितलंय. असल्याच एका पाकिटावर सोडियम १८६ मिग्रॅ दिसतं. ते एका बैठकीत पाकीट संपवतात. चालेल ना?

तराजू: आधी तो आकडा कुठल्या रकान्यातला आहे ते बघा. बहुतेक दोन रकाने असतात, १०० ग्रॅमचा आणि सर्व्हिंगचा. १०० ग्रॅमला ६२० असेल, तर ३० ग्रॅमला १८६ येतात. म्हणजे तुमचा आकडा एका सर्व्हिंगचा. अख्खं पाकीट खाल्लं तर पाचपट, ९३० मिग्रॅ. शिवाय सोडियम म्हणजे मीठ नव्हे, मिठासाठी अडीचने गुणायचं. झालं सुमारे २.३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जवळपास निम्मं या एका पाकिटातच गेलं. वडिलांची मर्यादा याहून कमी असू शकते, ती डॉक्टरांनाच विचारा.

सायली_म: बापरे. मी १८६ लाच मीठ समजत होते.

उंबरठा: मग टक्केवारीचा रकाना बघितला की पुरे, गुणाकार कशाला?

तराजू: ती टक्केवारीही बहुतेक एका सर्व्हिंगचीच असते. पाकीट संपवणार असाल तर तीही पाचाने गुणावी लागेल. दोन पाकिटांची तुलना करताना मात्र १०० ग्रॅमचाच रकाना घ्या. एकाचं सर्व्हिंग २० ग्रॅमचं आणि दुसऱ्याचं ४० ग्रॅमचं असलं, तर लहान सर्व्हिंगवाल्याचे आकडे उगाच कमी दिसतात.

कोराकागद: आणि ‘सुमारे’ ठेवू ना? १५० भागिले ३० बरोबर ५ येतात.

तराजू: मुळात आहे तर ठेवा. १६० ग्रॅमच्या पाकिटात ५.३ येतील, तिथे तो शब्द लागतोच.

उंबरठा: ‘वाटा’ कसा वाटतो? ‘एका वाट्यात १८६ मिग्रॅ’.

कोराकागद: वाटा म्हटलं की वाटून घेणारे आठवतात, इथे खाणारा एकटाच असू शकतो. तूर्त ‘सर्व्हिंग’च ठेवते आणि पहिल्या ओळीत ‘एक सर्व्हिंग = ३० ग्रॅम’ ठळक करते.

तराजू: ठीक. मी अजून ‘वाढणी’च्या बाजूने आहे.