मदत हवी आहे : केमिकलच्या ड्रायव्हरचं ट्रेनिंग सर्टिफिकेट नक्की किती वर्षं चालतं?

नमस्कार मंडळी. तळोज्याहून ॲसिडचे ड्रम नेणाऱ्या आमच्या ड्रायव्हरदादांना काल एका कंपनीच्या गेटवर अडवलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 9 चं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय, पण सर्टिफिकेटवर मुदत एकच वर्ष, तीही संपलेली. लायसन्सवरची धोकादायक मालाची नोंद मात्र अजून चालू आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा लायसन्सची मुदत एकाऐवजी तीन वर्षं झाली. मग दरवर्षीचा एक दिवसाचा रिफ्रेशर अजून लागतो का? आरटीओत कोणी अलीकडे नूतनीकरण केलंय का?

शिवाय गोदामातली पोरं ड्रम हाताळतात. विमानाने जाणाऱ्या धोकादायक मालाच्या ट्रेनिंगला 24 महिन्यांची मुदत ठरलेली आहे. रस्त्याच्या मालासाठी तुम्ही गोदामवाल्यांचं ट्रेनिंग किती दिवसांनी घेता? दादांची खेप खोळंबलीय, कृपया अनुभव सांगा.