मदत हवी आहे : शीघ्रपतन सवयीचं, ताणाचं की शारीरिक?

वय २८, लग्नाला दोन वर्षं. पहिलं दीड वर्ष सगळं ठीक होतं. गेले सहा महिने मात्र मिनिटभरातच वीर्यपतन होतं. हस्तमैथुनात वेळ पूर्वीइतकाच लागतो, म्हणून मला ताणाचा संशय येतो. ताठरता चांगली आहे, लघवीला जळजळ नाही, मधुमेह नाही, कुठलंही औषध चालू नाही. पण याच काळात वजन चार किलो उतरलंय, हात थरथरतात, धडधडतं. थायरॉइड वाढल्यानेही असं होतं म्हणे. थांबून पुन्हा सुरू करण्याचा सराव सहा आठवडे केला, कंडोमही वापरला, फरक किंचित. पत्नी समजून घेते, तिलाही उत्तर हवंय. गोळ्या इतक्यात नकोत.

हस्तमैथुनातला हा फरक डॉक्टर ताणाचा पुरावा मानतात, की आधी थायरॉइडसाठी रक्तातलं टीएसएच तपासतात?