यूके एनएमसी: दोन आयईएलटीएस जोडून चालतात
"स्पीकिंगलाच ६.५ आले, बाकी सगळं पास. रिझल्ट वाया गेला का?"

नाही गेला. यूकेत नर्सेसची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात, पण ते दोन अटेम्प्ट जोडून धरतात. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत हव्यात (आधी ६ महिनेच होते, २०२३ ला वाढवले, फार बरं केलं). पूर्ण पेपर परत द्यायचा, स्पीकिंगला ७ आणायचे, आणि गंमत म्हणून बाकीचे सोडून द्यायचे नाहीत, कारण दोन्हीपैकी एकाही वेळी रायटिंग ६ च्या किंवा बाकी तिन्हीतलं एकही ६.५ च्या खाली गेलं की जोडणी बाद. रिझल्ट २ वर्षं चालतो, म्हणून जुन्या परीक्षेची तारीख बघूनच अर्ज टाका.