हप्ते थांबले, पण व्याज चालूच राहतं

«पिकअपच्या कर्जाचे तीन हप्ते बँकेनं थांबवले. मग बाकी कमी व्हायची सोडून वाढली कशी?»

दादा, सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. तुमची बाकी 4 लाख, व्याज वर्षाला 12 टक्के आणि 48 हप्ते उरलेत असं धरू. हप्ता येतो साधारण 10,533 रुपये. त्यातले पहिल्या महिन्याचे 4,000 व्याजात जातात आणि उरलेल्यानं मुद्दल घटतं. हप्ता भरलाच नाही, तर ते 4,000 बाकीत मिळवले जातात आणि पुढच्या महिन्याचं व्याज 4,04,000 वर लागतं. तीन महिन्यांनी बाकी होते 4,12,120.

खरा फटका पुढे बसतो. हप्ता तेवढाच ठेवला तर 48 ऐवजी जवळपास 50 हप्ते भरावे लागतात, म्हणजे सुमारे 20 हजार जास्त. ही वाढ शेवटी असल्यानं आज दिसत नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

2020 मध्ये कोरोनाच्या काळात हप्ते थांबवायची सवलत दिली होती, तिच्यातही साधं व्याज चालूच होतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फक्त व्याजावरचं व्याज घ्यायला मनाई केली, आणि तीही त्या काळापुरती.

मोंढ्यात माल विकून थोडे पैसे आले, तर थांबलेल्या काळात दरमहा निदान ते 4,000 भरा; बाकी 4 लाखांवरच राहील. भरण्याआधी ते व्याजातच जमा होतील ना, हे शाखेत विचारा. आणि नवीन परतफेडीचा तक्ता लेखी मागून घ्या: हप्ता वाढवलाय की मुदत, हे त्यातच कळतं.