'म्हणे' असलेलं वाक्य: तथ्य, मत की सूचितार्थ?

वर्गशिक्षिका: नववीसाठी अग्रलेखाच्या वळणाचा छोटा उतारा लिहिला आहे:

'वाचनालय अखेर उघडले. मूळ मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. इमारतीचे काम पूर्ण झाले आहे म्हणे. वाचनकक्षात मात्र अजून दिवे नाहीत. ही घाई म्हणजे वाचकांचा अपमान आहे.'

मुदतीचं वाक्य तथ्य, शेवटचं मत, इथवर ठीक. पण निम्म्या मुलांनी 'काम पूर्ण झाले' हे तथ्य म्हणून लिहिलं. गुण कापावेत का?

परीक्षार्थी: कापा. दिवे नाहीत, म्हणजे काम अपुरं. जे खोटं ते तथ्य कसं?

मुद्रितशोधक: निष्कर्ष बरोबर, कारण चुकलं. प्रश्नपत्रिकेत तथ्य ओळखायचं ते पडताळता येतं का यावरून. मुदतीची तारीख चुकीची निघाली तरी ते विधान मत होत नाही. इथे अडचण 'म्हणे'ची आहे. तो काढून वाचा: 'काम पूर्ण झाले आहे', म्हणजे लेखक स्वतः सांगतोय. 'म्हणे' आला की सांगणारा दुसरा कुणीतरी, आणि पाठोपाठ 'मात्र' आल्यामुळे लेखकाचा त्यावर विश्वास नाही हे कळतं. अविश्वास लिहिलेला कुठेच नाही, तरी तो उताऱ्यातच आहे. 'अखेर'चंही तसंच: तो काढला की वाट पाहायला लागल्याचा त्रास निघून जातो, बातमी तेवढी उरते.

जुना वाचक: म्हणजे मतितार्थच ना? त्यात 'मत' आहेच, मग मत आणि सूचितार्थ वेगळे कशाला?

मुद्रितशोधक: काका, शब्द 'मथितार्थ' आहे, मथून काढलेला. तो अख्ख्या उताऱ्याचा सार. सूचितार्थ एका शब्दातही लपतो.

वर्गशिक्षिका: एका मुलीने सूचितार्थात लिहिलं, 'कंत्राटदाराने पैसे खाल्ले.' द्यावेत गुण?

मुद्रितशोधक: ताई, तिला विचारा, कोणत्या शब्दावरून? 'घाई'वर बोट ठेवून ती 'तयारी नसताना उघडलं' इथवर पोचेल. पैशांकडे नेणारा शब्द उताऱ्यात नाही. ते तिला बाहेरून माहीत असलेलं जग आहे. प्रश्नातच 'कोणत्या शब्दावरून कळले ते लिहा' असं घातलंत की तपासताना वाद होत नाही.

परीक्षार्थी: पण आजी गोष्ट सांगायची, 'एक राजा होता म्हणे.' तिथे कुठे अविश्वास होता?

मुद्रितशोधक: नव्हता. नुसता 'म्हणे' ऐकीव माहिती सांगतो. शंका आणली ती 'मात्र'ने. मी वर दोघांचं काम वेगळं करायला हवं होतं.

वर्गशिक्षिका: मग 'मात्र'नंतरचा भाग उताऱ्यातून काढला, तर उरलेल्या 'म्हणे'त शंका धरायची का?

जुना वाचक: मला तरी अग्रलेखात ती ऐकू येते, गोष्टीत नाही.

परीक्षार्थी: मला नाही येत. त्यावर गुण ठेवू नका.